सुट्या गोळीवरचा कोड नीट वाचता येईल असा फोटो कसा काढायचा?

अनघा_एनजे
मंडळी, प्रश्न थोडा विचित्र आहे, पण निकड आहे. आम्ही अमेरिकेत एडिसनला असतो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. घरात आम्ही दोघीही थायरॉइडवाल्या. त्यांची गोळी २५ मायक्रोग्रॅमची, माझी १२५ची. आठवड्याच्या डब्या नवरा भरतो, रविवारी, एका बैठकीत. आज त्यांच्या गुरुवारच्या कप्प्यातली गोळी मला नेहमीपेक्षा गडद वाटली. माझी तर चुकून त्यात गेली नाही ना, ही शंका.

सोपा उपाय म्हणजे त्यांच्या बाटलीतल्या गोळीशी ताडून बघणं. पण ती बाटली संपली आणि कचऱ्यात गेली. नवीन आली ती दुसऱ्या कंपनीची, आकारही वेगळा. माझी गोळी शेजारी ठेवून पाहिली तर ओट्यावरच्या दिव्यात दोन्ही एकसारख्याच बदामी दिसतात. गोळीवर JSP दिसतंय, मध्ये खाच आहे आणि तीन आकडे आहेत. 513 आहे की 519, डोळ्यांनी ठरत नाही. माझ्या गोळीवर 519 आहे हे बाटलीवर छापलंय म्हणून माहीत.

फार्मसीत फोन केला, त्यांनी फोटो पाठवा म्हटलं. पाठवला, तर उत्तर आलं की काहीच वाचता येत नाहीये. फ्लॅश लावून काढला तर नुसता पांढरा ठिपका, फ्लॅशशिवाय काढला तर धूसर. कोणी सांगेल का नक्की कसा काढायचा?

टवाळ_कार्टं
नवऱ्याला डब्या भरायच्या कामावरून काढून टाका, हा पहिला उपाय.

बंड्या_पुणेकर
उजेड कमी पडतोय तुमचा. घरातले सगळे दिवे लावा, वर फ्लॅश मारा आणि फोन अगदी जवळ न्या. जितका जास्त उजेड तितकं बारीक दिसतं, साधी गोष्ट आहे. धूसर येतोय तो हात हलतो म्हणून. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवा.

नाशिककर_काका
अनघाताई, गोळीचा फोटो कशाला काढता? स्ट्रिपचा काढा. स्ट्रिपवर नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं असतं. मी तर घरात सगळ्यांना ताकीद दिली आहे, नाव असलेल्या बाजूने स्ट्रिप कापायची नाही. आता वरच्या ३०० ब्रँडना क्यूआर कोडही सक्तीचा झालाय, ऑगस्ट २०२३पासून.

अनघा_एनजे
काका, इकडे स्ट्रिप नसते हो. फार्मसीवाले मोठ्या डब्यातून मोजून केशरी बाटलीत घालून देतात. बाटली गेली की हातात नुसती गोळी.

शिवराई
मी कोल्हापूरचा. औषधांतलं मला काही कळत नाही, पण घासलेल्या नाण्यांवरची अक्षरं फोटोत आणणं हा माझा छंद आहे. शिवराईवरचं 'छत्रपती' पुसट झालेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण उजेड बरोबर पडला की उमटतं. तुमच्या गोळीचंही तेच आहे.

बंड्यासाहेब, उजेड जास्त हवा हे इथे उलटं पडतं. गोळीवरचा आकडा शाईने छापलेला नाही, तो दाबून खोदलेला आहे. अक्षराचा रंग आणि भोवतीच्या गोळीचा रंग एकच. मग ते दिसतं कशामुळे? फक्त खोबणीत पडलेल्या सावलीमुळे. फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, तो सरळ समोरून खोबणीच्या तळापर्यंत पोचतो आणि सावली मारून टाकतो. घरातले सगळे दिवे लावले तर चारी बाजूंनी उजेड येतो, तेव्हाही तेच होतं.

म्हणून असं करा. खोलीतले दिवे बंद करा. गोळी टेबलावर सपाट ठेवा, खाली मळकट राखाडी किंवा साधा तपकिरी पुठ्ठा. फोन बरोबर वर, पुस्तकांवर टेकवून. हात हलू नये हा बंड्यांचा सल्ला मात्र शंभर टक्के खरा. आता घरातला दुसरा फोन घेऊन त्याची टॉर्च लावा आणि गोळीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, टेबलापासून जेमतेम ८ सेंटिमीटर उंचीवर धरा. संध्याकाळचं ऊन जसं शेतावर आडवं येतं आणि ढेकूळन् ढेकूळ दिसतं, तसा उजेड हवा.

गोळी फुगीर असेल तर एवढ्या खालच्या उजेडात तिची पलीकडची अर्धी बाजू काळी पडते. तेव्हा टॉर्च थोडी वर घ्या, १५ सेंटिमीटरपर्यंत. आणि काळ्या बाजूला एक पांढरा कागद उभा धरा, त्यावरून थोडा उजेड परत येतो. फार जवळ आणू नका कागद, नाहीतर सावल्या पुन्हा जातील.

बंड्या_पुणेकर
बरं, फ्लॅशचं पटलं. पण फोन जवळ न्यायला काय हरकत आहे?

शिवराई
फोनची मुख्य लेन्स एका ठरावीक अंतराच्या आत फोकसच करत नाही. नव्या मोठ्या सेन्सरच्या फोनमध्ये तर हे अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास जातं. लोक आठ-दहा सेंटिमीटरवर आणतात आणि फोटो धूसर आला म्हणून हात हलला असं समजतात. मागे जा, दुप्पट झूम करा, गोळीवर बोट ठेवून फोकस पक्का करा, मग नंतर फोटो कापून गोळी मोठी करा.

रेवती_के
माझ्या फोनमध्ये मॅक्रो आहे, तो अगदी २ सेंटिमीटरवरून काढतो. फूल दाखवलं की आपोआप चालू होतो. मग तो का नको?

शिवराई
चालेल, पण दोन अडचणी. एवढ्या जवळ फोनचीच सावली गोळीवर पडते, टॉर्च आडवी आत शिरायला जागा राहत नाही. आणि मॅक्रोला बहुतेक फोन रुंद कोनाची लेन्स वापरतात. तिच्यात गोळी जरा कडेला गेली की लांबुळकी दिसते. गोल की अंडाकृती असा प्रश्न असेल तर घोटाळाच.

रेवती_के
मला मॅक्रोच बरा वाटतो तरी. पाच-सहा सेंटिमीटरवर धरते मी, गोळी मध्यभागी ठेवते, छान येतो. असो, ज्याचा त्याचा फोन.

माझी वेगळीच अडचण आहे. माझ्याकडे एक कॅप्सूल आहे, अर्धी हिरवी अर्धी पांढरी, चकचकीत. तिच्यावर अक्षरं गोलाकार फिरत जातात. आडवी टॉर्च लावली तर नुसती एक चमकती रेघ येते.

औषधवाला_डॅलस
धागा उशिरा पाहिला. मी टेक्ससमध्ये फार्मासिस्ट आहे. असे फोटो रोज येतात, आणि खरं सांगायचं तर दहातले बरेच निरुपयोगी असतात.

रेवतीताई, तुमच्या कॅप्सूलवर शाईने छापलेलं असतं, खोदलेलं नसतं. तिथे सावली नको, उलट सगळीकडून सारखा मऊ उजेड हवा. खिडकीशी, ऊन थेट न येणाऱ्या जागी ठेवा, टॉर्च बंद. आणि कॅप्सूल थोडी थोडी फिरवत दोन-तीन फोटो काढा, कारण नाव एका बाजूला आणि आकडा दुसऱ्या बाजूला असू शकतो. कागदाला घडी घालून त्या खाचेत ठेवली की गडगडत नाही. शाईला ओलं बोट लावू नका, निघते.

अनघाताई, आधी तातडीचं. सासूबाईंनी आज गोळी घेतली नाही ना? नसेल घेतली तर गडबड नाही, आजची थांबवा आणि ओळख पटेपर्यंत डबीतली कुठलीच घेऊ देऊ नका. नव्या बाटलीतली चालेल, ती त्यांच्याच नावाची आहे. पण मागच्या दिवसांत चुकीची गोळी पोटात गेली असेल असं वाटत असेल, किंवा छातीत धडधड वगैरे काही होत असेल, तर फोटोच्या नादी न लागता डॉक्टरांना नाहीतर 1-800-222-1222 या विषबाधेच्या नंबरवर फोन करा.

आता फोटो. शिवराई यांनी उजेडाचं फार छान सांगितलंय. त्यात मी एक गोष्ट घालतो, कारण तुमच्या 513 आणि 519च्या बाबतीत तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

3 आणि 9 यांच्यात फरक कुठे आहे? 9च्या वरच्या गोलाला डावीकडून उभी बाजू आहे, 3 डावीकडून उघडा आहे. म्हणजे अख्खा निकाल त्या एका उभ्या खोबणीवर. आणि खोबणीची सावली तेव्हाच पडते जेव्हा उजेड तिला आडवा येतो. उजेड खोबणीच्या लांबीच्या दिशेने आला तर तो तिच्यातून सरळ वाहून जातो, सावली पडतच नाही. तुमचा ओट्याचा दिवा भिंतीकडून, म्हणजे आकड्यांच्या डोक्याकडून येत असणार. त्या उजेडात 9ची डावी बाजू गायब होते आणि 9 हा 3सारखा दिसतो. उलटही होतं, खाचेची सावली आकड्यावर सांडते आणि 3 बंद झाल्यासारखा वाटतो.

तेव्हा टॉर्च आकड्याच्या डावीकडून धरून एक फोटो, उजवीकडून एक, मग डोक्याकडून एक. टॉर्च हलवणं जमत नसेल तर गोळी ठेवलेला पुठ्ठाच पाव फेरी फिरवा. हाच नियम मधल्या खाचेलाही लागू. खाच कधी कधी फोटोतून पूर्ण नाहीशी होते आणि लोक लिहितात 'रेघ नाही', तर कधी अक्षरांमधली उभी खाच आकडा 1 म्हणून वाचली जाते. खाच टोकापासून टोकापर्यंत जाते, 1 मध्येच संपतो. हे कळायला गोळीची कड फोटोत पूर्ण यायला हवी, म्हणून इतकं कापू नका की कडाच जातील.

शिवराई
अगदी हेच. नाण्यावर 'श्री'ची वेलांटी एका उजेडात असते, दुसऱ्यात नसते. त्यावरून आमच्याकडे भांडणं झालेली आहेत.

अनघा_एनजे
औषधवाला, खूप आभार. आजची गोळी दिलेली नाही. धडधड वगैरे काही नाही, त्या मजेत मालिका बघतायत. तरी उद्या डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करते. आत्ता टॉर्चने काढायला बसते.

रंगाचं काय करू? टॉर्चच्या उजेडात रंग भलताच येतोय, निळसर.

औषधवाला_डॅलस
येणारच. कोडचा फोटो आणि रंगाचा फोटो हे वेगळेच काढायचे, एकात दोन्ही मिळत नाहीत. लोक तिथेच अडकतात. ज्या उजेडात अक्षर उठतं त्यात अर्धी गोळी सावलीत असते, मग रंग कुठला कळणार?

रंगासाठी सकाळी खिडकीशी जा, उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. घरातला दिवा पूर्ण बंद, कारण दिव्याचा पिवळा आणि दिवसाचा निळसर उजेड एकत्र आले की कॅमेरा बावचळतो. गोळी एका पांढऱ्या छपाईच्या कागदावर ठेवा. कागद फोटोत दिसू दे. बघणाऱ्याला त्यावरून कळतं की फोटो किती पिवळा किंवा निळा झालाय. तुमच्या गोळ्यांपैकी 25 मायक्रोग्रॅमची पीच रंगाची आणि 125ची फिकट तपकिरी. पिवळ्या दिव्यात पीचमधला गुलाबीपणा बुडतो आणि दोन्ही बदामी होतात, हे तुम्ही पाहिलंच.

आणि तुमच्याकडे मोठी सोय आहे. तुमची स्वतःची 519 आहे. ती त्याच फोटोत शेजारी ठेवा. एकट्या गोळीचा रंग ठरवताना डोळाही फसतो आणि फोनही, पण एका फोटोतल्या दोन गोळ्यांमधला फरक सहसा लपत नाही. फक्त कुठली कुणाची ते कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा, नाहीतर नवीन घोळ.

बंड्या_पुणेकर
एक युक्ती. गोळीवर पेन्सिलीचं शिसं किंवा हळद घासायची आणि फडक्याने पुसायची. खोबणीत रंग राहतो, आकडा ठळक वाचता येतो. आम्ही इंजिनचे नंबर असेच वाचायचो.

औषधवाला_डॅलस
इंजिनावर ठीक आहे. गोळी इतकी मऊ असते की घासताना खोबणीच्या कडाच झिजतात, आणि रंगही गेला. एकच गोळी असेल तर पुरावाच नष्ट केल्यासारखं. धुऊही नका. भुकटी असेल तर नुसती फुंकर मारा, हलक्या हाताने चिमट्याने उचला.

शिवराई
आणखी एक. गडद पुठ्ठ्यावर फिकट गोळी ठेवली की फोन बहुतेक भाग काळा बघून फोटो उजळवतो, आणि गोळी पांढरीफटक होते. सावल्या त्यातच जातात. स्क्रीनवर गोळीवर बोट दाबून ठेवा, आयफोनवर AE/AF LOCK असं दिसतं, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. गोळी जरा राखाडी दिसेपर्यंत कमी केला तरी चालेल, कोडच्या फोटोत रंग कोण बघतंय.

नाशिककर_काका
आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण मग असं आहे, माझ्या भावाची औषधं त्याच्या बायकोने एका स्टीलच्या डबीत सगळी सुटी करून ठेवली आहेत. पांढऱ्या गोल गोळ्या, चार प्रकारच्या. टॉर्च लावून बघितलं आत्ता. दोघींवर नुसती मधली रेघ आहे, एकीवर काहीच नाही, एकीवर कंपनीचं चिन्ह वाटतंय. हा कोड कुठे शोधायचा?

औषधवाला_डॅलस
काका, शोधायला कोडच नाहीये. अमेरिकेत १९९५पासून गोळीवर कोड असणं सक्तीचं आहे. कोड, आकार, रंग आणि माप मिळून ते औषध आणि ते बनवणारी कंपनी ओळखू आली पाहिजे असा नियम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांनाही तो लागू आहे. व्हिटॅमिनं वगैरे त्यातून सुटतात. भारतातल्या गोळीवर असा कोड असेलच याची खात्री नसते. मापं घेऊन, फोटो काढूनही नुसत्या रेघेच्या पांढऱ्या गोळीला नाव देणं शक्य नाही, आणि कोणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. सगळ्या गोळ्या बाजूला ठेवा, चिठ्ठी घेऊन केमिस्टकडून नवीन स्ट्रिप आणा.

नाशिककर_काका
वहिनीला हे सांगायला तुम्ही या.

रेवती_के
गोळी ओळखायला ती पिलबॉक्स नावाची सरकारी वेबसाइट आहे ना? तिथे रंग, आकार टाकला की फोटो येतात. अनघाने सरळ तिथे बघावं.

औषधवाला_डॅलस
होती. जानेवारी २०२१मध्ये बंद झाली. डेलीमेड या सरकारी साइटवर प्रत्येक औषधाच्या पत्रकात कोड, आकार, माप आणि खाचेने किती तुकडे होतात हे अजून मिळतं. पण एक लक्षात ठेवा, अशा यादीत रंगांची नावं ठोकळ असतात. पीच गोळी ऑरेंजखाली नोंदलेली सापडते आणि टॅन ही ब्राउनखाली. म्हणून मी आधी कोडवर शोधतो, रंग नंतर ताडायला वापरतो.

मापासाठी मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवा, पण शक्य असेल तर ती गोळीच्या वरच्या पातळीला येईल अशी, खाली दोन पुठ्ठे सारून. कॅमेरा अगदी वरून. तिरका झाला की गोल गोळीसुद्धा अंडाकृती होते. नाणं ठेवलं तरी चालतं, इकडचा पेनी १९ मिलिमीटरचा असतो.

अनघा_एनजे
काढले! डावीकडून टॉर्च लावल्यावर एकदम स्वच्छ आलं, विश्वास बसत नाहीये. गुरुवारच्या गोळीवर 513 आहे. 3ची डावी बाजू उघडी आहे, उजवीकडून टॉर्च धरली तरी उघडीच. डोक्याकडून टॉर्च धरली तेव्हा पुन्हा तोच गोंधळ, खाचेची सावली वरच्या गोलात शिरते आणि 9 वाटतो. माझ्या 519वर हाच प्रयोग केला तर डावीकडून 9ची बाजू ठसठशीत दिसते आणि डोक्याकडून ती जवळजवळ नाहीशी. औषधवाला म्हणाले तसंच.

रंगाचा फोटो उद्या सकाळी. पण आता डोक्यात वेगळाच किडा. गुरुवारची बरोबर असेल तर बाकीच्या कप्प्यांतल्या? शुक्रवार-शनिवारच्या गोळ्याही बाहेर काढल्या आहेत.

टवाळ_कार्टं
नवऱ्याची नोकरी वाचली म्हणायची का?

औषधवाला_डॅलस
सगळ्या एका कागदावर ओळीने ठेवा, प्रत्येकीखाली वार लिहा, आणि तुमची 519 ओळीच्या शेवटी. खिडकीशी एकच फोटो. वेगळी असेल ती लगेच उठून दिसेल. मग फक्त तिच्यावर टॉर्च लावा.

फार्मसीला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, तो दाबून बारीक करतो आणि आकड्यांच्या कडा विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. फोटोसोबत दोन ओळी लिहा: तुम्हाला काय वाचता आलं, आणि कुठल्या अक्षराची शंका आहे. '51 नक्की, शेवटचा आकडा 3 वाटतो' असं लिहिलं तर आम्ही तेवढंच बघतो. आणि कोणाच्या नावाची बाटली कधी घेतली ते कळवा. कुठल्या कंपनीची गोळी कधी दिली हे आमच्याकडे नोंदलेलं असतं, त्यामुळे बाटली फेकली असली तरी ताडता येतं.

मितभाषी
एक शंका. कोड जुळला म्हणजे ती गोळी तीच, असं धरायचं का?

औषधवाला_डॅलस
फार्मसीच्या बाटलीतून आलेली असेल तर हो, व्यवहारात तेच धरतो. कुठून आली माहीत नसेल तर अजिबात नाही. इकडे एका बाजूला चौकटीत M आणि दुसऱ्या बाजूला 30 अशा निळ्या गोळ्यांच्या हुबेहूब नकला फिरतात, त्यात फेंटानिल असतं आणि माणसं मरतात. फोटोत त्या खऱ्याच दिसतात. फोटोवरून गोळीवर काय लिहिलंय ते कळतं. आत काय आहे ते कळत नाही.

अनघा_एनजे
सकाळचा रिपोर्ट. खिडकीशी ओळ लावली. गुरुवार आणि शुक्रवार पीच, अगदी स्पष्ट. शनिवारची मात्र माझ्या 519शी जुळते, फिकट तपकिरी. काल रात्री ओट्यावर ती मला बाकीच्यांसारखीच वाटली होती. टॉर्च डावीकडून लावली, 9ची बाजू आहे. दोन्ही फोटो ईमेल केले, फार्मसीचा फोन आला, त्यांनीही 519 वाचलं. शनिवार अजून यायचा होता म्हणून त्यांनी घेतलेली नाही. मग माझी डबी तपासली, तर माझ्या मंगळवारी 513 गेली असणार असा हिशेब लागतोय, कारण माझ्या बाटलीतून सातच गोळ्या कमी झाल्या आहेत आणि त्यातली एक सासूबाईंच्या शनिवारी गेली. डॉक्टरांच्या ऑफिसला दोन्ही सांगितलं. माझ्यासाठी एका दिवसाने फार फरक पडत नाही म्हणाले. सासूबाईंच्या आधीच्या आठवड्यांचं काय, हे कळायला मार्ग नाही, त्यांची रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात लावली आहे.

औषधवाला_डॅलस
योग्य केलंत. बाहेर काढून हाताळलेल्या गोळ्या परत डबीत टाकू नका, फार्मसीत जुनी औषधं टाकायची पेटी असते तिथे द्या. आणि पुढच्या वेळी नवी बाटली आली की त्याच दिवशी एका गोळीचे दोन फोटो काढून ठेवा, एक टॉर्चचा, एक खिडकीचा, बाटलीच्या लेबलसकट. बऱ्याच लेबलांवर गोळीचं वर्णनही छापलेलं असतं. कंपनी बदलली की तेही बदलतं.

बंड्या_पुणेकर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरातल्या स्कॅनरवर गोळी ठेवून स्कॅन का करू नये? त्याचा दिवा एका बाजूनेच सरकतो, सावली पडेल, आणि अंतर, हात हलणं, काही भानगडच नाही.

शिवराई
नाण्यांना मी केलंय. पातळ नाणं बरं येतं. पण फुगीर गोळीचा मधलाच ठिपका काचेला टेकतो, कडेची अक्षरं काचेपासून वर राहतात आणि स्वस्त स्कॅनरवर ती धूसर होतात. शिवाय दिवा एकाच दिशेचा, त्यामुळे गोळी फिरवून दोनदा स्कॅन करावं लागेल.

बंड्या_पुणेकर
माझा जुना जाड स्कॅनर आहे, त्यात वर उचललेली वस्तूही नीट येते. आज रात्री आमच्या बाबांच्या बीपीच्या गोळीवर करून इथे टाकतो.

नाशिककर_काका
बंड्या, टाकाच. आणि वहिनीच्या डबीतल्या त्या चिन्हवाल्या गोळीचं काहीतरी सांगा कोणीतरी. आडव्या टॉर्चमध्ये त्रिकोणात एक अक्षर दिसतंय, P किंवा R. टॉर्च उजवीकडून धरली तर R, डावीकडून धरली तर P.

औषधवाला_डॅलस
काका, R असावा. त्याचा तिरका पाय टॉर्चच्या रेषेत आला की गायब होतो, म्हणून डावीकडून P दिसतो. खालून टॉर्च धरून बघा. पण R असला तरी त्या गोळीचं नाव त्यातून मिळणार नाही. स्ट्रिप आणा.